शेवटच्या भागाला जागा नाही

माझ्यावर कुणी उघडपणे चिडलं तर मला चालतं. मी स्वतःच तापट आहे. आज कडाकडा भांडलेलं माणूस उद्या माझ्याबरोबर चहाला बसू शकतं. पण गोड बोलून केसानं गळा कापणारं माणूस मला आजही सहन होत नाही. माझा गळा कापला तो माझ्या नणंदेनं, आणि तोही एका गेमच्या कन्सोलवर. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्यांच्या घरात त्यांचं माणूस असेल. माझ्या सासरी पहिली दोन-तीन वर्षं माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं.

सासर तापीकाठी, सारंगखेड्यापासून थोडं आत. शेती बागायती, केळी आणि ऊस, घर मोठं, माणसं बोलायला कमी. मी तळोद्याची, आणि लग्नाआधीपासून शहाद्याला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत होते. ती नोकरी मी सोडली नाही. त्यामुळे गावात माझी ओळख ‘ती मशीनवाली सून’ अशी झाली. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या मोबाइलचं स्टोरेज भरलं, की माझ्याकडे. घरात मात्र माझ्याशी दोन शब्द मनापासून बोलायची ती फक्त माझी नणंद. ती तेव्हा शहाद्यालाच बीएस्सी करत होती. सकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून यायची, संध्याकाळी परत.

कन्सोल माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी घेतलेला. क्रिकेट खेळायला. लग्नानंतर त्याचा उत्साह ओसरला आणि तो डबा आमच्या दोघींच्या हाती आला. सासूबाई त्याला ‘डबा’च म्हणायच्या. आम्ही दोघी त्यात एकच गेम खेळायचो. दोन माणसं बर्फाच्या डोंगरातून वाट काढत वर जातात, एवढीच गोष्ट. पण तो एकट्यानं खेळताच येत नाही. एकीनं खालून दोर धरून ठेवायचा, तेव्हा दुसरी चढणार. मग वरचीनं दोर धरायचा, तेव्हा खालची वर येणार. हातातलं बटण सोडलं की दोर सुटला, आणि दुसरी खाली. सुरुवातीला आम्ही एकमेकींना इतक्या वेळा पाडलं की सासूबाई आतून ओरडायच्या, “काय भांडी ऱ्हायन्यात वं?” आम्ही भांडत नव्हतो. मी त्या घरात पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले ती त्या डोंगरावर.

गेम तिच्या नावानं चालायचा. म्हणजे कन्सोलमध्ये खातं तिचं, मी नेहमी दुसरी खेळाडू. कुठवर पोचलो ते तिच्या खात्यात साठत जायचं. कामातून वेळ मिळेल तसं, सणवार, परीक्षा, केळीची कापणी सगळं सांभाळून आम्ही दोन वर्षं तो डोंगर चढलो. आणि शेवटाला आलो तेव्हा कळलं की शिखराचा भाग गेम बनवणाऱ्यांनी वेगळा काढलाय, तो नंतर डाउनलोड करायचा.

त्याच सुमारास तिचं लग्न ठरलं. मुलगा सुरतेचा, शिकलेला, नोकरीवाला. सुपारी फुटली त्या दिवशी ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “वहिनी, शिखर मात्र आपण दोन्हीच चढू. मी जावाना पहिले. तुम्हनाशिवाय नही.” मी म्हटलं, नक्की. मला त्या घरातून ती जाणार या गोष्टीचं फार वाईट वाटत होतं, आणि हे एक तरी तिच्याबरोबर पूर्ण करायचं म्हणून मी ते मनावर घेतलं. माझ्यासाठी तो नुसता गेम उरला नव्हता. ती निघून गेल्यावर त्या घरात मला धरून ठेवायला जे काही राहणार होतं, ते तेच होतं.

मधे माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी काही दिवस तळोद्याला गेले. परत आले तर गेम कन्सोलवर नाहीच.

“वहिनी, ते गयं,” नणंद म्हणाली. डोळे पाण्यानं भरलेले. “मायनी प्लग काढी लिधा. गेमच खराब व्हई गया. चालूच व्हयेना. मंग उडाय दिधा मी.”

मला सासूबाईंचा राग आला. कारण ते पटण्यासारखंच होतं. आमच्या घरात एक सवय आहे, आणि ती गावातल्या बऱ्याच घरांत असेल: खोलीतून बाहेर पडताना बोर्डावरचं प्रत्येक बटण बंद करायचं. सासूबाई तर प्लगच उपटून ठेवतात. वीज कडाडली तर उपकरण जळायला नको, आणि बिल वाढायला नको. कन्सोल पूर्ण बंद असेल तर प्लग काढल्यानं काही बिघडत नाही. पण तो रेस्ट मोडमध्ये असला, म्हणजे झोपलेला पण आतून डाउनलोड करत असला, की त्यावर एक नारिंगी दिवा लागतो. सासूबाईंच्या लेखी दिवा म्हणजे खर्च. आतली डिस्क काहीतरी लिहीत असताना वीज तोडली की ते लिहिणं अर्धवट राहतं, फाइल खराब होते, आणि मग गेम सुरू करायला गेलं की ‘डेटा खराब आहे’ म्हणून पाटी येते.

मी नणंदेला जवळ घेतलं. मी शिकवणारी बाई, तेव्हाही शिकवायला लागलेच. म्हटलं, “रडतेस काय? गेम गेला तर गेम परत उतरवता येतो. आपण कुठवर आलो ती सेव्ह फाइल वेगळी असते. गेम उडवला तरी ती डिस्कवर तशीच राहते. आपली दोन वर्षं शाबूत आहेत.”

तिचा चेहरा एकदम बदलला. मला वाटलं, जीव भांड्यात पडला तिचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं समोर बसलेलं असतं आणि आपण त्याला पाणी विचारतो.

त्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघरात असताना मी सेव्ह फाइल एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. त्यात संशय वगैरे काही नव्हता. क्लासात पोरांना मी पहिल्या दिवसापासून सांगते, डिस्कवर भरवसा ठेवू नका, एक प्रत बाहेर ठेवा. खराब होऊ लागलेल्या कन्सोलला हात घालायचा तर आधी प्रत. फाइलीसमोर तारीख दिसली होती. मी तळोद्याला होते त्या दिवसांतली. मी ती बघितली आणि तरी बघितली नाही. मला वाटलं, गेम बिघडला त्या दिवशीची असेल. पेनड्राइव्ह क्लासच्या किल्ल्यांच्या जुडग्याला होता, तो पर्समध्ये गेला. नणंदेला सांगायचं मला सुचलंही नाही.

मग डाउनलोडचा खेळ सुरू झाला. गावात फायबर आलेलं होतं, त्यामुळे नेट बरं होतं. पण गेमवर बोट ठेवलं की लगेच पाटी: जागा अपुरी आहे. मी सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं. नवऱ्यानं मधल्या काळात क्रिकेटच्या जुन्या गेमबरोबर नवीनही आणून ठेवला होता, शिवाय दोन-तीन गेमांचे फुकटचे नमुने, आणि कुठल्या तरी कुस्तीचा अर्धवट उतरलेला ढिगारा. आकडा बघितला तर आमचा गेम बसायला थोडीशीच जागा कमी वाटत होती. नणंद म्हणाली, “जाऊ द्या ना वहिनी. आते बसणार नही ते.”

मी तिला समजावलं की थोडीशी नाही, बरीच मोकळी करावी लागते. कन्सोल गेमच्या आकाराएवढ्याच जागेत भागवत नाही. उतरवायला, उलगडायला, त्यावरचे अपडेट बसवायला त्याला जास्तीची जागा लागते. पापड लाटायला पोळपाट पुरतो, वाळवायला गच्ची लागते. मी कुस्ती उडवली, नमुने उडवले, आणि जुन्या क्रिकेटसाठी नवऱ्याची परवानगी मागितली.

“उडाव,” तो म्हणाला, “पण एवढी काय घाई शे तुम्हले? तिन्हं लगीन शे, कपडा घेवाना शेत, आणि तुम्ही डबा खोली बठन्यात.”

घाई मला होती. लग्न जवळ आलं होतं आणि नणंद रोज कुठल्या ना कुठल्या कारणानं घराबाहेर असायची. ब्लाउज, बांगड्या, मैत्रिणी. मी मात्र क्लासहून आल्यावर पदर खोचून त्या डब्यासमोर. साप सोडून भुई धोपटणं म्हणजे काय ते मी तेव्हा प्रत्यक्ष करत होते, फक्त मला माहीत नव्हतं.

पहिलं डाउनलोड बरंच पुढे गेलं आणि मी ते रेस्ट मोडवर ठेवून कामावर गेले. परत आले तर नारिंगी दिवा विझलेला, प्लग सासूबाईंच्या हातानं व्यवस्थित गुंडाळून बोर्डावर ठेवलेला. चालू केल्यावर कन्सोल म्हणाला की त्याला नीट बंद केलं गेलं नाही, आणि डिस्क तपासत बसला. डाउनलोडच्या जागी चूक दाखवत होता. मी सासूबाईंना बोलले. जरा जास्तच बोलले. “तुम्हाला एक दिवा बघवत नाही का घरात?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “दिवा पेटेल शे म्हणजे मीटर फिरस. मी तर रोजच काढस. आते करस, तवाबी करू. पण तू तळोद्याले गयती ना, तवा तिनी माले त्या खोलीमां येऊच नही दिधं. दिनभर दार लाई बठेल ऱ्हाये. मन्हा हात कोठे पोचना?”

मी ते ऐकलं आणि सासूनं सुनेला दिलेलं उत्तर म्हणून सोडून दिलं. सासवा स्वतःची चूक कधी मान्य करतात का! असं माझ्या मनात आलेलं मला स्पष्ट आठवतं.

मी अर्धवट डाउनलोड पुसून टाकलं, पुन्हा लावलं, बोर्डावर कागद चिकटवला, आणि सासूबाईंना नीट दाखवलं की दिवा नारिंगी असला तर हात लावायचा नाही, पूर्ण विझला की खुशाल काढा. त्यांनी ऐकलं. गेम पूर्ण उतरला. सुरू करायला गेले तर: सुरू करता येत नाही, डेटा खराब आहे.

त्या दिवशी नणंद माझ्या शेजारी बसलेली होती. ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली. “वहिनी, डिस्कच खराब शे. सगळं फॉर्मॅट मारी टाका. सेव्हबी खराब व्हई जायेल व्हई. त्या सेव्हमुळेच बिघडत व्हई ते. उडाय टाका ना.”

“सेव्ह उडवू? वेडी का तू?” मी म्हटलं. “दोन वर्षं आहेत त्यात.”

“काय करनं त्या दोन वरीसना?” असं म्हणून ती उठून गेली. मला वाटलं, सासरी जाण्याच्या दुःखात बोलली. मीच डोळे पुसले.

मी फॉर्मॅट केलं नाही. मला ठाऊक होतं की मधे वीज तुटल्यामुळे आतलं गणित विस्कटलं असणार, म्हणजे कुठला गेम डिस्कवर कुठे ठेवलाय याची कन्सोलची स्वतःची माहितीच चुकली असणार. ती नव्यानं बांधता येते, आणि त्यात ना गेम पुसला जातो ना सेव्ह. त्यासाठी कन्सोल पूर्ण बंद करायचा आणि चालू करायचं बटण दुसरा आवाज येईपर्यंत दाबून धरायचं. मग सेफ मोड उघडतो. तिथे कंट्रोलर बिनतारी चालत नाही, वायरनं जोडावा लागतो. माझ्या वायरीनं तो ओळखेचना. अर्धा तास मी कंट्रोलरला शिव्या घातल्या आणि मग लक्षात आलं की ही वायर नुसती चार्जिंगची, त्यातून माहिती जातच नाही. नवऱ्याच्या मोबाइलची वायर लावली तेव्हा काम झालं.

ते झाल्यावर मी खराब गेम पुन्हा उडवला, कन्सोल पूर्ण बंद केला, दिवा विझल्यावर स्वतःच्या हातानं प्लग काढला आणि थोडा वेळ तसाच ठेवला, म्हणजे तात्पुरतं साठलेलं कॅशही निघून जातं. सासूबाई दारातून बघत होत्या. “आते तू काढस ते चालस?” म्हणाल्या. मला हसू आलं. मग नव्यानं डाउनलोड लावलं, शिखराच्या भागासकट.

रविवारी सकाळी गेम सुरू झाला. संगीत वाजलं, बर्फ पडायला लागला. मी आनंदानं ओरडणार होते, तेवढ्यात बघितलं की पडद्यावर एकच पर्याय आहे: नवा खेळ. ‘पुढे चालू’ नाहीच. म्हणजे आमची सेव्ह फाइल नव्हती.

पहिला दोष मी माझ्यावरच घेतला. माझ्याच हातून काही चुकलं असणार. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन साठवलेला डेटा उघडला. नवऱ्याच्या क्रिकेटच्या फाइली होत्या. उडवून टाकलेल्या कुस्तीचीसुद्धा एक होती. नणंदेच्या खात्यात कधीतरी खेळलेल्या मोटारीच्या शर्यतीची फाइल होती. फक्त आमच्या डोंगराची नव्हती. मी यादी पुन्हा वरून खाली बघितली. पोरांना मी शिकवते की खराब झालेली डिस्क जे सापडेल ते खाते, इथलं थोडं, तिथलं थोडं. इतकी नेमकी निवड ती करत नाही. निवड माणूस करतं.

मी पर्समधून किल्ल्या आणल्या. पेनड्राइव्ह लावला, फाइल परत तिच्या खात्यात घेतली आणि गेम पुन्हा सुरू केला.

‘पुढे चालू’ आलं. त्यामागे चित्र शिखराचं होतं. दोन माणसं वर बसलेली, समोर सूर्य. खाली सगळे भाग उघडे, शेवटचासुद्धा, पूर्ण झाल्याची खूण लागलेला. आणि दुसऱ्या खेळाडूच्या जागी एक नाव, इंटरनेटवरच्या कुणाचं तरी. त्या नावाच्या मागे सुरत लावलेलं होतं.

मग सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं, आणि प्रत्येक गोष्ट बसताना दुखली. मी तळोद्याला आईच्या डोळ्यात थेंब घालत होते तेव्हा हिनं दार लावून शिखर गाठलं होतं. मग ते लपवायला गेम उडवला. खापर स्वतःच्या आईवर फोडलं, आणि मी त्या बाईला नाही नाही ते बोलले. आणि सेव्ह फाइल वेगळी राहते हे मीच तिला सांगितल्यावर तिनं तीही पुसून टाकली. मी रोज गुडघ्यावर बसून त्या डब्यात जागा करत होते, आणि ती माझ्या पाठीमागे आमची दोन वर्षं पुसत होती. होणाऱ्या नवऱ्यानं तिला खेळायला बोलावलं असेल, तिला नाही म्हणवलं नसेल, हे मी समजू शकले असते. नवा माणूस, पुढचं सगळं आयुष्य त्याच्याबरोबर. एवढं म्हणाली असती तर मी दोन दिवस फुगले असते आणि तिसऱ्या दिवशी तिला भाजणीचं थालीपीठ लावून दिलं असतं. पण पुसून टाकणं मला समजलं नाही. अजूनही समजत नाही.

तरी मी तिला एक संधी दिली. का दिली, ते विचारू नका. मी शेवटचा भाग सुरुवातीपासून लावला आणि हाक मारली.

ती आली, पडदा बघितला आणि दारातच थांबली. “चालू व्हयना?”

“झाला.”

“कोठून सुरू व्हयना?”

“शेवटच्या भागापासून. नशीब आपलं,” मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरची भीती उतरताना मी बघितली. ती माझ्या शेजारी बसली, कंट्रोलर घेतला, आणि म्हणाली, “बरं व्हयनं वहिनी. माले तर वाटे, ऱ्हाईच जाई आपलं.”

आम्ही खेळायला लागलो. गुहेतून दोन वाटा फुटत होत्या. मी थांबले. तीही थांबली, पण तिचा माणूस डावीकडे तोंड करून उभा राहिला. “कुठून जायचं?” मी विचारलं. “माले काय माहीत? तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. पुढे बर्फाचा पूल होता. मी त्यावर पाय ठेवला आणि तिनं उडी मारली, आणि तिनं उडी मारल्यानंतर तो पूल तुटला. “अगं बाई!” असं ती ओरडली. इतकं खरं ओरडली की मला क्षणभर माझंच चुकलं असं वाटलं.

मग कडा आला. तिनं वर चढायचं, मी खालून दोर धरायचा. ती निम्म्यावर गेली आणि मी बटण सोडलं.

तिचा माणूस खाली पडला. गेम काही म्हणत नाही, तुम्हाला पुन्हा पायथ्याशी उभं करतो. “वहिनी!” ती हसली. पुन्हा चढली. मी पुन्हा सोडलं. ती पुन्हा हसली, पण जरा कमी. पुढच्या वेळी मी ती अगदी वर पोचेपर्यंत थांबले आणि मग सोडलं. या वेळी ती हसली नाही. तिनं पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“तुम्हले कसं समजनं?” ती म्हणाली.

“माझ्याकडे प्रत होती.”

तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “त्यानी ऑनलाइननी वर्गणी भरी. म्हणे आपण खेळू. मी ‘नही’ म्हणू शकनू नही. आणि नंतर... तुम्हले सांगाले तोंडच नव्हतं, वहिनी.”

“तोंड नव्हतं, पण हात होते,” मी म्हटलं. “पुसायला चालले ते.” माझा आवाज चढला होता. “तू खेळलीस त्याचं मला काही नाही गं. तू मला पुसलंस.”

ती रडायला लागली. सासूबाई आतून काहीतरी विचारत होत्या. पडद्यावर आमची दोन माणसं कड्याखाली उभी होती, बर्फ त्यांच्या खांद्यांवर साचत होता.

“एकडाव धरा ना वहिनी,” ती म्हणाली. “एकडाव.”

मी दोर धरला. मला धरायचा होता. बोट दुखेपर्यंत बटण दाबून ठेवलं आणि ती चढून वर गेली. वर गेल्यावर तिनं दोर माझ्यासाठी खाली सोडला आणि धरून उभी राहिली. आता चढायची पाळी माझी होती. वर फक्त ते शेवटचं चित्र होतं, दोघींनी बसायचं आणि सूर्य बघायचा.

“या ना वहिनी,” ती म्हणाली.

मी कंट्रोलर खाली ठेवला. म्हटलं, दुपारच्या भाकरी राहिल्यात, आणि उठले. पीठ मळलं, तवा ठेवला, दोन भाकरी झाल्या तरी खोलीतून काही आवाज नाही, म्हणून दारातून डोकावले. ती तशीच बसलेली होती, डोळे पुसायलाही तिनं हात उचलला नव्हता. बटण तिनं दाबूनच धरलं होतं.

मी परत तव्यापाशी गेले.